पिकोअँपिअरच्या इनपुटभोवती गार्ड रिंग : सुरुवातीला एवढे सांभाळा

समजा, तुमच्या फोटोडायोड अँप्लिफायरमध्ये इनपुटशेजारून ५ व्होल्टची तांब्याची रेघ जाते. मधल्या पृष्ठभागाचा रोध १०० गिगाओहम धरला, तरी ५० पिकोअँपिअर गळती होते. इनपुटभोवती त्याच्याच व्होल्टेजची तांब्याची रिंग घातली, तर फरक १ मिलिव्होल्टवर येऊन तीच गळती ०.०१ पिकोअँपिअर उरते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रिंग डोळे झाकून ग्राउंडला जोडतात. फोटोडायोडच्या या जोडणीत नॉन-इन्व्हर्टिंग पिन ग्राउंडवर, म्हणून इनपुटही ग्राउंडच्याच व्होल्टेजवर असल्याने ते चालते. बफरमध्ये मात्र आउटपुट इनपुटच्याच व्होल्टेजवर असते, म्हणून रिंग आउटपुटलाच जोडावी.
- रिंगवर सोल्डर मास्क ठेवतात, मग गळती मास्कवरून रिंग ओलांडते.

फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवा. नंतर डायोड झाकून इनपुटवर हलकी फुंकर मारा. आउटपुट सरकून सावकाश परतले, तर पृष्ठभाग अजून गळतो आहे.