ऑफर अ‍ॅक्सेप्ट केल्यावर कंपनीने मागे घेतली, मेल काय लिहू?

"पुण्याच्या कंपनीची ऑफर मेलवर अ‍ॅक्सेप्ट केली, इथं सोलापुरात राजीनामा दिला. काल एचआरचा फोन आला की ऑफर मागे घेतोय. नोटीसचे १८ दिवस उरलेत. कारण विचारलं तर चालतं का? प्रोफेशनली कसं लिहू?"

ताई, विचारा, नक्की विचारा. पण त्याआधी आजच आत्ताच्या मॅनेजरला मेल टाका, राजीनामा मागे घ्यायची विनंती म्हणून. शेवटचा दिवस उलटायच्या आत हे झालं पाहिजे, माझं वाटोळं इथंच झालं. मलाही फोनच आला होता, "प्रोजेक्ट होल्डवर आहे, पुढच्या आठवड्यात कळवते", आणि मी फोनवरच विश्वास ठेवून तीन आठवडे गप्प बसले. तोपर्यंत जुन्या ऑफिसातून रिलीव्ह झाले, वाकडच्या रूमचं डिपॉझिट भरून बसले, आणि मग दोन ओळींचा मेल आला, बिझनेस रिझन म्हणून. फोनवर काय ठरलं होतं ते दाखवायला हातात काहीच नव्हतं.

म्हणून पुण्याला जो मेल लिहाल तो ऑफर लेटर ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय करून लिहा, म्हणजे तुमची अ‍ॅक्सेप्टन्सही खाली दिसत राहते. मी आज लिहिलं असतं तर असं (तुम्ही इंग्रजीत करून घ्या):

"काल फोनवर आपण ऑफर मागे घेत असल्याचं सांगितलंत. मी अमुक तारखेला ऑफर स्वीकारली आणि तिच्या भरवशावर राजीनामा दिला. कृपया हा निर्णय लेखी कळवावा. पद रद्द झालं आहे की जॉइनिंग पुढे गेलं आहे? कारण पदाशी संबंधित आहे की माझ्या कागदपत्रांशी? शुक्रवारपर्यंत कळवल्यास मला पुढचा निर्णय घेता येईल."

एवढंच. कागदपत्रांचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय, कारण बॅकग्राउंड चेकमध्ये तारखांचा घोळ निघाला असेल तर तोच घोळ पुढच्या कंपनीतही अडवणार. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीतली जुनी जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख एक्सपीरियन्स लेटरशी जुळवून बघा, आजच. बजेट किंवा पद रद्द असं उत्तर आलं तर तुमच्यात खोट नाही हे लेखी मिळालं, पुढच्या इंटरव्ह्यूत सांगता येतं. "इंटर्नल रिझन" एवढंच आलं तर एकदाच परत विचारा, जास्त नको, बहुतेक ठिकाणी एचआरला त्याहून पुढं लिहायची परवानगीच नसते.

पहिल्याच मेलमध्ये वकिलाची धमकी नको असं माझं मत. १८७२ च्या करार कायद्यानं स्वीकृती कळवली की करार होतो हे खरं, पण ऑफर लेटरात बहुतेक वेळा अटी असतात, मी वकील नाही, ते लेटर वकिलाला दाखवूनच ठरवा. डिपॉझिट, तिकीट यांच्या पावत्या मात्र जपून ठेवा.

आणि जुन्या मॅनेजरनं तोंडी "राहा की" म्हटलं तरी थांबू नका, राजीनामा परत घेतल्याचा मेल एचआरकडून हातात येऊ द्या.