पोस्टरसमोरची दीड मिनिटं

"पुढच्या महिन्यात परिषदेत माझं पोस्टर आहे. दीड मिनिटात सांगायचं म्हणे. मी सगळं लिहून पाठ केलंय, पण मधेच कुणी प्रश्न विचारला की पुढचं काहीच आठवत नाही, आणि मग उत्तरही सुचत नाही. लोक पुढे निघून जातात. मी काय करू?"

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी आली तेव्हा तिच्या हातात दोन पानं होती. मी तिला ती उभं राहून म्हणायला सांगितली आणि घड्याळ लावलं. साडेतीन मिनिटं लागली. दुसऱ्यांदा म्हणताना मी तिसऱ्या वाक्यानंतर मुद्दाम विचारलं, "गव्हाचं बी बारा तासच का भिजवलं?" ती थांबली, छताकडे पाहिलं आणि पुन्हा "नमस्कार, माझ्या संशोधनाचा विषय…" पासून सुरू झाली.

तिला वाटत होतं की तिची स्मरणशक्ती कमी पडते आहे. मला तसं वाटलं नाही. तिने एक लांब साखळी पाठ केली होती, आणि अशा साखळीत प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधाराने आठवतं. मधली एक कडी निसटली की पुढचं सगळं गळतं. शेजारी हातभर उंचीचे आलेख असताना ती त्यांच्याकडे एकदाही वळली नव्हती. म्हणून कमी शब्द पाठ करण्याआधी आम्हाला एक वेगळं काम करायचं होतं: बोलणं पोस्टरवर टांगायचं, म्हणजे कुणी अडवलं तरी हात जिथे आहे तिथून पुढे जाता येईल.

तिचा विषय गव्हाच्या उगवणीचा. मी विचारलं, "समोरच्याने यातलं एकच चित्र पाहिलं आणि निघून गेला, तर कोणतं पाहिलेलं तुला चालेल?" तिने मिठाच्या पाण्यातल्या उगवणीच्या आलेखावर बोट ठेवलं. मग बाकीचं त्याच्याभोवती रचलं. पार्श्वभूमीचा अख्खा परिच्छेद गेला, पद्धतीची पाच वाक्यं एकात आली. पार्श्वभूमी काढताना तिला फार जड गेलं, कारण तिने त्यासाठीच सर्वाधिक वाचलं होतं. पण उभ्याने ऐकणाऱ्याला ती पोस्टरवर वाचता येते. आलेखातलं नेमकं काय बघायचं, हे मात्र बोलूनच दाखवावं लागतं. तिसऱ्या भेटीनंतर तिचा मजकूर असा झाला:

"खारट जमिनीत गव्हाचं बी नीट उगवत नाही. पेरण्याआधी ते साध्या पाण्यात भिजवून पुन्हा सुकवलं तर फरक पडतो का, हे मी पाहिलं. (हात वरच्या आलेखावर) या बाजूला न भिजवलेलं बी, त्या बाजूला 12 तास भिजवून सुकवलेलं. दोन्ही मिठाच्या पाण्यात ठेवलं. सात दिवसांनी न भिजवलेल्या 100 पैकी 54 दाणे उगवले, भिजवलेल्या 100 पैकी 73. (थांबणे. हात खालच्या आलेखावर) साध्या पाण्यात मात्र दोन्हींत जवळपास फरक नाही. म्हणजे भिजवल्याचा फायदा मिठाचा ताण असतानाच दिसतो. हे सगळं पेट्री डिशमध्ये, ओल्या कागदावर केलंय. मातीत अजून नाही. कुंड्यांमधलं काम आता सुरू करतेय. तुमचं काम कशावर आहे, बियाण्यावर की जमिनीवर?"

हे ऐंशी-नव्वद शब्द हात दाखवत, मधे थांबत म्हणायला तिला सव्वा मिनिट लागलं. उरलेले 15 सेकंद मी भरू दिले नाहीत. समोरचा "हं" म्हणतो, वाकून आकडा वाचतो, त्याला तेवढी जागा लागते. पाठ करायचं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. पहिलं, कारण घाबरल्यावर सुरुवातच अडते. शेवटचं, कारण ते नसेल तर बोलणं कुठे संपवायचं हे कळत नाही आणि माणूस पुन्हा पार्श्वभूमीकडे वळतो. त्या शेवटच्या प्रश्नाचा आणखी एक उपयोग आहे. समोरचा कोण आहे हे कळलं की पुढची उत्तरं किती खोलात द्यायची तेही कळतं.

"मातीत नाही" हे वाक्य तिला काढायचं होतं. मी ते ठेवायला लावलं. ते आपण आधी सांगितलं की ती कामाची मर्यादा राहते. समोरच्याने शोधून काढलं तर चूक पकडल्यासारखं वाटतं, आणि तिची भीती तिथेच होती.

मग प्रश्न. तिने 20 प्रश्नांची पूर्ण उत्तरं लिहून आणली होती, म्हणजे पुन्हा तीच साखळी. आम्ही ती बाजूला ठेवली आणि पोस्टरवरच्या प्रत्येक आकड्याला "हाच का?" असं विचारत गेलो. सहा प्रश्न खरोखर येण्यासारखे निघाले. प्रत्येकासाठी खिशात मावेल असं एक कार्ड केलं, त्यावर वाक्य नाही, फक्त दोन-चार शब्द.

"बारा तास का?" याच्या कार्डावर तिने लिहिलं: "6, 12, 24. मूळ फुटलं." तिने आधी तिन्ही वेळा करून पाहिल्या होत्या. 24 तासांत काही दाण्यांना मूळ फुटायला लागलं, आणि एकदा मूळ बाहेर आलं की सुकवताना तो दाणा मरू शकतो. हे तिला पक्कं ठाऊक होतं, फक्त हाताशी नव्हतं. चार शब्द वाचल्यावर ती ते आपल्या भाषेत सहज सांगू लागली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो "तुमचा नमुना किती?" या प्रश्नावर. ती "100" म्हणत होती. पण 25 दाण्यांच्या 4 डिश होत्या. एका डिशमधल्या दाण्यांना कागद, पाणी, जागा सगळं सामाईक असतं, त्यामुळे स्वतंत्र मोजमापं चारच. जाणकार परीक्षक इथेच थांबतो. तिने मार्गदर्शकांशी बोलून आलेखावरच्या उभ्या रेघा डिश-डिशमधला फरक दाखवतात याची खात्री केली आणि कार्डावर लिहिलं: "4 डिश. रेघ = डिशमधला फरक."

एका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतंच: मीठ पाणी ओढून धरतं म्हणून उगवण घटते, की सोडियम विषारी ठरतं म्हणून? त्याचंही कार्ड केलं: "वेगळं केलं नाही. मॅनिटॉल." मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचं योग्य तीव्रतेचं द्रावण पाणी तेवढंच ओढून धरतं, पण त्यात सोडियम नसतो. म्हणजे ती म्हणू शकत होती, "हे मी वेगळं केलेलं नाही, करायचं तर असं करेन." उत्तर नसलेल्या प्रश्नाचंही कार्ड असतं, हे कळल्यावर तिचा भीतीने चढलेला आवाज बराच खाली आला.

शेवटच्या दोन भेटींत आम्ही फक्त अडथळ्यांचा सराव केला. मी कुठेही प्रश्न टाकायचा, तिने हात आलेखावरून न काढता उत्तर द्यायचं आणि त्याच जागेवरून पुढे जायचं. पहिल्या दिवशी सात वेळांपैकी चारदा ती सुरुवातीला गेली. दुसऱ्या दिवशी एकदा.

परिषदेनंतर ती भेटायला आली. परीक्षकांनी डिशचा प्रश्न विचारला होता. कार्ड खिशातून काढावं लागलं नाही. मृदाशास्त्रातल्या एका बाईंनी मात्र वेगळंच विचारलं: "जमिनीतली क्षारता म्हणजे फक्त सोडियम क्लोराईड नसतं, सल्फेटही असतात. ते बघितलंत का?" ती म्हणाली, "नाही, आणि हे माझ्या यादीतही नव्हतं," आणि त्यांच्यासमोरच वहीत टिपून घेतलं. त्या आणखी दहा मिनिटं थांबल्या. आता तिच्याकडे सात कार्डं आहेत.