शिष्यवृत्ती बुडाली, त्या दिवसापासून सुरुवात करा

प्रश्न: मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. गावातल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. स्क्रिप्टमध्ये काय घेऊ?

उत्तर:

मी बीड जिल्ह्यातली. आई-अण्णा ऊसतोडीला जायचे, मी आजीजवळ राहून शिकले. असा व्हिडिओ मी दोनदा केलाय. पहिल्यात गरिबी, जिद्द, निकाल, पदवी असं सगळं ओळीनं सांगितलं. शाळेत दाखवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. निघताना दहावीतल्या एका मुलीनं हळूच विचारलं, "ताई, फीचं कसं केलं?" नेमकं तेच मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी एकच प्रसंग घेतला. सुरुवात अशी:

"पहिल्या वर्षी माझी शिष्यवृत्ती बुडाली. फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागतो हे कळलं, तेव्हा अण्णा कारखान्यावर गेलते. त्यांचं आधार कार्ड त्यांच्याच पिशवीत. फोन लावला तर बंद, कारण कोपीवर लाईट नव्हती."

पुढं दाखला कसा निघतो ते सांगितलं. सेतू केंद्रात अर्ज करायचा, वडिलांचं आधार आणि रेशनकार्ड जोडायचं, तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा, मग तहसीलमधून दाखला. यात दिवस जातात. म्हणून आई-वडील दसरा-दिवाळीला गाव सोडायच्या आत कागद हातात पाहिजे. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरच्या अर्जात ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर घरातल्या कुणाच्या फोनमध्ये आहे, हे आधीच बघून ठेवायचं. पैसेही आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. दुसऱ्या वर्षी माझे पैसे एका जुन्या, विसरलेल्या खात्यात जाऊन पडले होते.

शिष्यवृत्तीची रक्कम आणि शेवटची तारीख मात्र व्हिडिओत बोलू नका. नियम बदलतात, आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत राहतो.

लांबीचं म्हणाल तर, सावकाश बोललं की मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना पाचशे-सहाशे शब्द, त्याहून जास्त लिहू नका. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. "अथक परिश्रमांच्या जोरावर" असलं काही जिभेवर अडखळलं की काढून टाका. घरी बोलतो तसंच बोला. मी "कारखान्यावर गेलते" असंच ठेवलं.

आणखी एक. घरच्यांना आधी वाचून दाखवा. माझ्या स्क्रिप्टमध्ये मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा आकडा होता. अण्णा ऐकत होते, मग म्हणाले, "तेवढं काढ बाई, मुकादम गावातलाच हाय." मी काढलं, आणि प्रसंगाचं काहीच बिघडलं नाही. मुलांना आकडा नको होता, दाखला कसा मिळाला ते हवं होतं.

शूटिंग सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत उरका, नाहीतर आवाज ऐकू येत नाही. आम्ही घराच्या ओसरीत बसून केलं. हातात तोच दाखला धरला होता, तहसीलचा शिक्का दिसेल असा, पण नाव आणि नंबर अंगठ्याखाली झाकून.