डिव्हिडंडसाठी एक दिवस आधी शेअर घेणार असशील तर आधी हे वाच

अरे, एक्स डेटच्या, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या तारखेच्या, आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, डिव्हिडंड पदरात पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, हे ऐकायला फुकटचे पैसे वाटतात, पण जरा हिशोब करून बघ. समज ५०० चा शेअर, १०० घेतलेस, डिव्हिडंड १० रुपये. एक्स डेटला सकाळी भाव साधारण ४९० लाच उघडतो, कारण कंपनीतून तेवढी कॅश जाणार असते, म्हणजे हजार मिळणार आणि हजार भावात गेले. त्यात डिलिव्हरीला एसटीटी घेताना ०.१ टक्के, विकताना ०.१, शिवाय स्टँप ड्युटी आणि डीपी चार्ज, मिळून सव्वाशेच्या आसपास. आणि खरा फटका टॅक्सचा बरं का, डिव्हिडंड तुझ्या स्लॅबने टॅक्सेबल, ३० टक्केवाल्याचे सेससकट ३१२ जातात. विक्रीतला शॉर्ट टर्म लॉस मात्र डिव्हिडंडमधून वजा होत नाही, फक्त कॅपिटल गेनमधून होतो, तो नसेल तर पुढची आठ वर्षं कॅरी फॉरवर्ड. कधीकधी भाव १० पेक्षा कमी पडतो, पण ती त्या दिवशीच्या मार्केटची चाल असते आणि ती उलटीही जाते, त्यामुळे तिच्यावर पैसे लावू नकोस. शेअर तसाही ठेवायचा असेल तर खुशाल घे.