मुंग्या रांगेत का चालतात, आणि कधी कधी गोल फिरत का मरतात?

मुंग्या एकाच रांगेत कशा काय चालतात? आणि काही मुंग्या गोल गोल फिरत मरेपर्यंत थांबत नाहीत, हे खरं आहे का?

हो, खरं आहे, आणि दोन्हींच्या मागे वासच आहे. खाऊ सापडलेली मुंगी वारुळाकडे परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत फेरोमोन नावाचं रसायन सोडते. मागच्या मुंग्या मिशांनी तो वास घेत येतात आणि परतताना त्यात स्वतःची भर घालतात. ओट्यावरची रांग ओल्या फडक्याने मध्येच पुसून पाहा, तिथे येताच मुंग्या गोंधळून इकडेतिकडे शोधू लागतात.

गोल फिरून मरतात त्या मुख्यतः फौजेने शिकारीला निघणाऱ्या लष्करी मुंग्या. त्या जवळजवळ आंधळ्या असतात, त्यामुळे सगळी भिस्त वासावर. पावसाने वाट धुतली गेली किंवा तुकडी मुख्य फौजेपासून तुटली, की पुढची मुंगी वळत वळत मागच्यांच्याच वाटेला येऊन मिळते. वर्तुळ जुळतं, आणि प्रत्येक फेरीत वास आणखी गडद होतो. अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांनी गयानात पाहिलेलं असं वर्तुळ सुमारे 1200 फूट घेराचं होतं. एका मुंगीला एक फेरी घालायला अडीच तास लागत. हे दोन दिवस चाललं आणि पुष्कळ मुंग्या मेल्या. थोड्याशा भरकटून बाहेर पडल्या, तेव्हाच ते मोडलं.

घरातल्या मुंग्यांवर ही वेळ सहसा येत नाही, कारण त्यांना थोडंफार दिसतं आणि वारुळाची दिशाही लक्षात राहते.