कुठे ठेवू, याच्या आधी कधी लागणार ते सांगा

प्रश्न: "नमस्कार मंडळी. थोडे पैसे सेव्हिंगला पडून आहेत. बँकेतून सारखा फोन येतोय, चांगली स्कीम आहे, लवकर बंद होणार म्हणतात. सध्या कुठे गुंतवणं बेस्ट? जाणकारांनी मार्गदर्शन करावं."

बँकेचा फोन आणि 'लवकर बंद होणार' हे दोन्ही एकत्र वाचलं आणि लिहायला बसले. आधीच सांगते, मी सल्लागार नाही, सेबीची नोंदणी नाही, मला काही विकायचं नाही. एका कारखान्यात हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकड्यांशी रोजची ओळख आहे, एवढंच. पटलं तर घ्या.

आता इथे कुणी इंडेक्स फंड सांगेल, कुणी सोनं, कुणी गावाकडचा प्लॉट. सगळे आपापल्या खिशाकडे बघून सांगतात आणि आपापल्या जागी बरोबरही असतात. तुमची रक्कम, आधीची बचत, तोटा सोसायची तयारी, यातलं काहीच कळलं नाही तरी एक गोष्ट कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही: हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत? बाकीच्याची निम्मी उत्तरं त्यातून निघतात. आणि हा प्रश्न न विचारता जो कागद पुढे करतो तो काय करतो, ते आमच्या घरात झालंय.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२० मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि बाकीचे पैसे पगाराच्याच खात्यात आले. खात्यात मोठी रक्कम दिसल्या दिसल्या शाखेतून फोन. "गुरुजी, या की चहाला." शाखेतली मुलं ओळखीची, त्यातला एक तर बाबांचा माजी विद्यार्थी. एफडीपेक्षा चांगलं आहे, गॅरंटीड आहे, वर विमा फुकट, असं सांगून तीन लाख वळते केले. बाबांना वाटलं, तीन लाख एकदाच भरायचे. कागदावर होतं दरवर्षी तीन लाख, दहा वर्षं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला!

आता यातलं मला सगळ्यात खटकणारं सांगते. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी आधीच सुचवलेलं होतं, लॉकडाऊनमुळे पुढे ढकललं होतं. "गुरुजी, येत्या दोन वर्षांत काही मोठा खर्च आहे का?" एवढं एक वाक्य कुणी विचारलं असतं तर बाबांनी लगेच सांगितलं असतं. फॉर्मवर मात्र उंची, वजन, मधुमेह, वडील कशाने गेले, सगळं विचारलं होतं. तेवढ्यावरून ओळखायला हवं, एफडीला कुणी तुमचं वजन विचारत नाही. नंतर विमा कंपनीचा पडताळणीचा फोन येतो, सगळं समजलं का म्हणून. त्याच्या आधी शाखेतून सूचना: "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर प्रोसेस अडकते." पॉलिसीचा बाँड आला तो शाखेच्या पत्त्यावर, आणि 'आमच्याकडे सुरक्षित आहे' म्हणून तिथल्याच कपाटात राहिला. परत करायची मुदत तिथेच संपली. हे आम्हाला कळलं पुढच्या जुलैत, दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा.

मी शाखेत गेले. उत्तर असं की एका हप्त्यावर काहीच मिळत नाही, "आणखी एक भरा, मग सरेंडर करता येईल". ऐकायला मदतच वाटते. घरी येऊन हिशेब मांडला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन हप्ते पूर्ण भरले की भरलेल्या रकमेच्या किमान ३० टक्के हमी, तिसऱ्यानंतर ३५ टक्के. म्हणजे इथेच थांबलं तर तीन लाख गेले. दुसरा हप्ता भरून सोडलं तर सहातले एक लाख ऐंशी हजार परत, तोटा चार लाख वीस हजार. तिसराही भरला तर नऊतले तीन लाख पंधरा हजार परत, तोटा पाच लाख पंच्याऐंशी हजार. हमीपेक्षा थोडं जास्त मिळालं असतं असं धरलं तरी चित्र पालटत नव्हतं. सुटण्यासाठी म्हणून जो हप्ता भरायला सांगत होते, त्याने खड्डा खोलच होत होता. आम्ही थांबलो. कंपनीकडे तक्रार केली, उत्तर आलं की अर्जावर सही तुमचीच आहे. शाखा म्हणाली कंपनीशी बोला. पुढे विमा लोकपालाकडे जायचं होतं तर बाबाच नको म्हणाले, पोराची नोकरी जाईल. यावर मी जास्त बोलत नाही, अजून डोकं फिरतं.

तेच तीन लाख त्याच शाखेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता आले असते. हो, ही खाती पोस्टात तशीच बँकेतही उघडतात. तेव्हा ७.४ टक्के व्याज होतं, तिमाहीला हातात. एक वर्ष झाल्यावर आणि दोन व्हायच्या आत मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे साडेचार हजार रुपये. तीन लाख कुठे आणि साडेचार हजार कुठे. (तुमच्या घरी कुणी साठच्या आत निवृत्त होत असेल तर लक्षात ठेवा: ५५ ते ६० वयाच्या निवृत्तांना हे खातं निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत उघडावं लागतं. बाबांच्या वेळी ही मुदत एकच महिना होती.)

मग शाखेने हे का नाही सुचवलं? उघड आहे. दहा वर्षांच्या हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी जे कमिशन सुटतं, त्याच्या जवळपासही बचत योजना जात नाही. टार्गेटच्या कात्रीत तीही मुलं असतात, मान्य. पण 'कधी लागणार' हे विचारलं की विक्री होत नाही, म्हणून ते विचारलं जात नाही, असं माझं पक्कं मत झालंय.

तुम्हाला आलेली स्कीम हीच असेल असं मी म्हणत नाही. पण 'पैसे दुप्पट' असं काही असेल तर एवढं करून बघा. समजा दरवर्षी एक लाख, दहा वर्षं भरायचे, आणि विसाव्या वर्षाअखेरीस वीस लाख मिळणार. दहाचे वीस, ऐकायला झकास. एक्सेलमध्ये एका स्तंभात दहा ओळी -100000, मग दहा ओळी 0, आणि एकविसाव्या ओळीत 2000000 टाका. शेजारी हे लिहा:

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर येतं वर्षाला साधारण साडेचार टक्के परतावा. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या वीस लाखांत आजच्या सव्वासहा लाखांएवढंच सामान येईल. फॉर्मवरचे आकडे टाकून तुमचंही उत्तर काढा, नाही जमलं तर नावं झाकून इथे टाका, मी काढून देते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल, माझं वैयक्तिक मत. कोऱ्या कागदावर पुढच्या दहा वर्षांतले ठरलेले खर्च वर्षासकट लिहा. मुलांची फी, घराची दुरुस्ती, लग्न, गाडी, आई-वडिलांचं आजारपण. जे वर्ष-दीड वर्षात लागणार ते एफडीत, फार तर लिक्विड फंडात, त्यापलीकडे विचारच करू नका. तीन ते पाच वर्षांतलं लागणारं असेल तर एफडी, पोस्टाची एनएससी वगैरे, पण एनएससी पाच वर्षांआधी सहसा मोडता येत नाही हे ध्यानात ठेवून. सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असं ज्याच्याबद्दल छातीठोक म्हणता येईल, तेवढंच शेअरच्या फंडात, तेही एकरकमी न टाकता.

छातीठोक का म्हणते? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या घरात होता, मार्च २००९ मध्ये ८,००० च्या आसपास. परत २१,००० ला पोचायला नोव्हेंबर २०१० उजाडला. ज्याला थांबता आलं त्याचं फार बिघडलं नाही. ज्याच्या मुलीचं लग्न मार्च २००९ मध्ये होतं त्याने अर्ध्याहून कमी पैसे घेऊन कापडचोपड केलं. दोघांचा फंड एकच असू शकतो, फरक तारखेचा. 'मला रिस्क चालते' असं तेजीत सगळेच म्हणतात, म्हणून मी त्या वाक्यावर फार विसंबत नाही. तारीख मात्र खोटं बोलत नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन चालू असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ते फेडा. आणि कुणी पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात म्हणालं तर एवढं माहीत असू द्या की बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आमच्या गावातली पतसंस्था चांगली चाललीय, तरी मी तिथे सगळं ठेवणार नाही.

फोनवर किंवा शाखेत तुम्ही आधीच सही करून बसला असाल तर घाबरू नका, पण आजच हालचाल करा. विमा पॉलिसी हातात पडल्यापासून (ईमेलने आली तर त्या दिवसापासून) ३० दिवसांच्या आत कारण न देताही परत करता येते. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते. शाखेत तोंडी सांगू नका, 'फ्री लुकमध्ये पॉलिसी रद्द करतोय' असं विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि पोच ठेवा. मुदत गेली असेल आणि पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतर नव्या नियमांखाली आलेली असेल तर निदान एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावर तरी काही परत मिळतं, आमच्यासारखं शून्य नाही. चुकीचं सांगून विकलं असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला की विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, आमचं ते वर्ष बाबांची समजूत घालण्यातच गेलं.