‘नाही’ म्हटल्यानंतरची झोप

प्रश्न : ताई, मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. न झालेली तपासणी झाल्याचं दाखवणाऱ्या रिपोर्टवर मी सही केली नाही. दीड महिना झाला. डब्याला कोणी बोलवत नाही, रात्री तीनला जाग येते. मी ताठर आहे का? माझं चुकलं का?

तुमचं पत्र वाचताना मला एक फोटो एडिटर आठवले. त्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तेही माझ्याकडे असाच प्रश्न घेऊन आले होते, फक्त कोल्हापुरी ढंगात : “मॅडम, मी खडूस झालोय का?”

गोष्ट ऑगस्ट 2019 च्या महापुरातली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या आठवड्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद. फोटोग्राफर शहरात अडकलेले, त्यामुळे गावांकडचे फोटो लोकांच्या मोबाइलवरून यायचे.

पहिलं पान सोडायला वीस मिनिटं होती. तेवीस वर्षांच्या एका फोटोग्राफरनं फोटो आणून ठेवला. स्लॅबवर प्लास्टिक पांघरून बसलेली आजी, खाली नारिंगी रबरी बोट आणि बोटीतून वर हात केलेला जवान. डेस्कवर सगळे “व्वा” म्हणाले. यांना मात्र पाणी खटकलं. बोटीच्या इंजिनानं उठलेल्या लाटा घराच्या भिंतीशी येऊन कापल्यासारख्या थांबत होत्या आणि भिंतीला टेकलेलं पाणी डबक्यासारखं स्तब्ध होतं. मग दुसरी गोष्ट दिसली. आजी बसली होती तो स्लॅब वरून टिपलेला, समोरच्या उंच घरावरून काढल्यासारखा. बोट मात्र पाण्याच्या पातळीवरून, दुसऱ्या बोटीत बसून काढल्यासारखी. एकच कॅमेरा एकाच वेळी दोन्हीकडे नसतो.

त्यांनी मूळ फाइली मागितल्या. बोटीचा फोटो पोरानं स्वतः काढलेला होता, पण फाइलमधली वेळ दोन दिवस आधीची आणि ठिकाण भलतंच. आजीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की कॅमेऱ्यानं नोंदवलेली वेळ-जागा पुसली जाते, म्हणून फाइलीत काही सापडेना. मग त्यांनी सरळ पाठवणाऱ्यालाच फोन लावला. पलीकडून शिरोळ तालुक्यातला एक शेतकरी म्हणाला, “बोट? आमच्याकडं बोट आलीच न्हाई साहेब. कालपास्नं फोन करतोय. आजी म्हस माडीवर चढवून बसलीय, तिला सोडून येत न्हाई म्हणती.”

म्हणजे ती सुटका झालीच नव्हती. संपादकांचं म्हणणं होतं, जवानांनी इतरांना वाचवलंच आहे, आजीही खरी आहे, लोकांना धीर देणारा फोटो आहे, काय बिघडतं? हे म्हणाले, “सकाळी हा फोटो बघून कुणी म्हणालं की त्या गावात बोट पोचली, तर तिथं बोट जाणार कशी?” मग नुसत्या आजीचा फोटो ‘बोटीच्या प्रतीक्षेत’ अशा ओळीसह घ्या, असंही त्यांनी सुचवलं. ते मानलं गेलं नाही. शेवटी पुलाला टेकलेल्या पाण्याचा साधा फोटो लागला.

ते माझ्याकडे आले तेव्हा या गोष्टीला दोन महिने होऊन गेले होते. रविवारच्या पुरवणीचं काम काढून घेतलेलं. डेस्कवर ते आले की गप्पा थांबायच्या. “माझा निर्णय चुकला का, एवढंच सांगा,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. हे सांगणं माझं काम नाही. मी उलट विचारलं, “आज रात्री तोच फोटो आला तर?” “नाही घेणार.” डोळ्याची पापणी लवली नाही. ज्याला निर्णयाचा पस्तावा असतो तो इथे अडखळतो. मग पहाटे तीनला नक्की काय जागं होत होतं?

अशा वेळी मी एक साधी गोष्ट करते. ती रात्र पुन्हा सांगायला लावते, मिनिटामिनिटानं, समोर चालू असल्यासारखी : कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं. मी मतं ऐकत नाही, आवाज ऐकते. लाटा, फाइली, संपादक, हे सगळं त्यांनी खणखणीत सांगितलं. फोन ठेवल्यानंतरच्या भागावर आले आणि आवाज बसला. तिथून ते पटकन पुढे सटकले. मी त्यांना मागे आणलं. फोन ठेवून त्यांनी सगळ्या डेस्कसमोर त्या पोराला विचारलं होतं, “लग्नाचे अल्बम करायला जा की. इथं कशाला आलास?” त्याचे वडील गावात लग्नाचे फोटो काढत. हे त्यांना ठाऊक होतं.

इतके का चिडलात, असं विचारल्यावर त्यांनी ब्रायन वॉल्स्कीची गोष्ट सांगितली. 2003 साली इराक युद्धात ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या या फोटोग्राफरनं बसराजवळ थोड्याच अंतरानं काढलेले दोन फोटो जोडून एक केला. मागची काही माणसं चित्रात दोनदा आली होती, ते दुसऱ्या एका वर्तमानपत्रात कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याची नोकरी गेली. “ह्या पोराचंही तेच झालं असतं मॅडम. मला भीती वाटली.” भीती त्याच्यासाठी होती, बाहेर पडली ती अपमान होऊन.

दोन महिने नकार आणि तो टोमणा एकाच गाठोड्यात बांधलेले होते. टोमण्याची लाज वाटली की नकारच चुकीचा वाटायचा. ती गाठ सोडवणं एवढंच आमचं काम होतं. त्यांनी माफीची चार वाक्यं लिहून आणली. तिसरं होतं, “पण तूही तसा फोटो करायला नको होतास.” ते आम्ही खोडलं. माफीत ‘पण’ आला की ऐकणाऱ्याला फक्त ‘पण’च्या पुढचं ऐकू येतं. फोटोबद्दल बोलायचं तर दुसऱ्या दिवशी, वेगळं.

तुम्हीही नकाराचा तो दिवस विश्वासातल्या एका माणसाला असाच सांगून बघा. आवाज सहीपाशी बसतो, की नोकरीच्या काळजीपाशी, की डब्याच्या टेबलापाशी? काळजी नोकरीची असेल तर सही का केली नाही ते तारखेसह ई-मेलनं कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. दुखणं टेबलाचं असेल, तर तो एकटेपणा आहे. त्याला चूक म्हणू नका. त्या टेबलावरच्या ज्या एका बाईशी तुमचं आधी जमायचं, तिला टेबलापासून दूर, चहाला बोलवा. आणि झोप दीड महिना मोडलेली आहे, म्हणून डॉक्टरांनाही दाखवा, ते टाळू नका.

फोटो एडिटरांची पुरवणी काही परत मिळाली नाही. संपादकांशी आजही कामापुरतंच बोलणं आहे. पोराची माफी त्यांनी डेस्कवरच मागितली, कारण अपमान तिथेच झाला होता. तो काहीच बोलला नाही. आठवड्यानं जिन्यात गाठून त्यानं एवढंच विचारलं, “सर, त्या आजीचं पुढं काय झालं?”

त्यांना माहीत होतं. पाणी उतरेपर्यंत ते त्या शेतकऱ्याला रोज फोन करत होते. बोट गेलीच नाही. चौथ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आजीनं आधी म्हैस जिन्यावरून उतरवली, मग मागून स्वतः उतरली.